गोपनीयता धोरणातला 'वापरकर्ता' कोण आणि 'ग्राहक' कोण? नव्या प्रूफ तपासणाऱ्यांसाठी

सोलापुरात चादरी आणि टॉवेल विकणाऱ्या कितीतरी दुकानांच्या आता स्वतःच्या वेबसाइट आहेत, आणि प्रत्येक वेबसाइटच्या अगदी तळाशी 'गोपनीयता धोरण' नावाचा एक दुवा असतो. मी मराठी मजकुराचं प्रूफ तपासते. "एवढं धोरण जरा नजरेखालून घाला" असं कुणी सांगतं, तेव्हा त्यांच्या मनात ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार असतात. ते तर बघायचेच. पण या प्रकारच्या मजकुरात सगळ्यात महागात पडणारी चूक शुद्धलेखनाची नसते. एकाच माणसाला एका कलमात 'वापरकर्ता', दुसऱ्यात 'ग्राहक' आणि तिसऱ्यात 'आपण' म्हटलेलं असतं. एकाच गोष्टीला कुठे 'डेटा', कुठे 'माहिती', कुठे 'वैयक्तिक माहिती' म्हटलेलं असतं. वाचताना काही खटकत नाही, कारण शाळेत आपल्याला शिकवलेलंच असतं की तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. निबंधात ते ठीक. धोरणात शब्द बदलला की वचन कुणाला दिलं, तेच बदलतं.

हे कसं पकडायचं ते एका नमुन्यावर दाखवते. नमुना एका दुकानाचा नाही, माझ्याकडे आलेल्या कामांवरून बेतलेला आहे. चादरी-टॉवेलचं दुकान, सोबत वेबसाइट, आणि धोरणातली ही सात कलमं:

कलम 1. 'वापरकर्ता' म्हणजे या वेबसाइटवर खाते उघडलेली व्यक्ती. 'वैयक्तिक माहिती' म्हणजे वापरकर्त्याचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि ईमेल.

कलम 2. तुम्ही वेबसाइटला भेट देता तेव्हा आयपी पत्ता, ब्राउझरचा प्रकार असा डेटा आपोआप जमा होतो.

कलम 3. ऑर्डर पोहोचवण्यासाठी ग्राहकाची माहिती कुरिअर कंपनीला दिली जाते.

कलम 4. आम्ही वापरकर्त्यांची वैयक्तिक माहिती कोणालाही विकत नाही.

कलम 5. वापरकर्त्याला आपली वैयक्तिक माहिती दुरुस्त करण्याची किंवा खोडून टाकण्याची मागणी करता येईल.

कलम 6. सर्व डेटा 3 वर्षांनंतर नष्ट केला जाईल.

कलम 7. आपली माहिती आम्ही सुरक्षित ठेवतो.

व्याकरणाच्या दृष्टीने यात बोट ठेवायला जागा नाही. आता कामाला लागू.

आधी सगळा मजकूर एका जागी आणा

वेबसाइटवर धोरण वाचत बसू नका. तिथे कलमं बऱ्याचदा मिटलेली असतात, एकेक उघडावं लागतं, आणि मिटलेल्या कलमात शोध लागेलच असं नाही. सगळा मजकूर एका साध्या फाइलमध्ये उतरवा आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या. त्याच फाइलच्या शेवटी आणखी तीन गोष्टी जोडा: खातं उघडायच्या फॉर्मवरचं संमतीचं वाक्य, कुकीजची जी पट्टी खाली उगवते तिच्यावरचा मजकूर, आणि ऑर्डर नोंदवायच्या पानावरच्या सूचना. धोरणातला शब्द आणि फॉर्मवरचा शब्द वेगळा निघाला, तर माणसाने नेमकी कशाला संमती दिली हा प्रश्न उभा राहतो.

पहिलं वाचन पेन न धरता करा. फक्त एवढंच लक्षात घ्या की या दुकानाच्या व्यवहारात माणसं कोणकोण येतात. केवळ चादरींची डिझाइनं बघून जाणारा, खातं उघडणारा, खातं न उघडताच चादर मागवणारा, आणि ज्याच्या घरी पार्सल जातं तो. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून सोलापुरी चादर द्यायची पद्धत आहे, त्यामुळे मागवणारा एक आणि घेणारा दुसरा हे इथे नेहमीचंच आहे. ही चार माणसं डोक्यात पक्की ठेवा, पुढे त्यांचाच उपयोग होणार आहे.

मग शब्दांची वही करा

एक तक्ता आखा. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात तो कोणत्या कलमात आला, तिसऱ्यात 'इथे याचा अर्थ काय दिसतो', आणि चौथ्यात व्याख्या दिली आहे की नाही. माणसांचे शब्द एका पानावर, माहितीचे दुसऱ्यावर.

शोधताना मराठीची एक अडचण आहे. Ctrl+F दाबून 'वापरकर्ता' शोधलंत, तर 'वापरकर्त्याला', 'वापरकर्त्यांची' ही रूपं सापडणारच नाहीत, कारण विभक्ती लागली की 'र्ता'चा 'र्त्या' होतो. आमच्या नमुन्यात 'वापरकर्ता' असा शोध घेतला तर फक्त कलम 1 मधली व्याख्या हाताला लागते, आणि खरं काम करणारी कलम 4 आणि 5 सुटून जातात. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग शोधा, म्हणजे 'वापरकर्त'. 'ग्राहक' आणि 'माहिती' यांना हा त्रास नाही, त्यांची पुढची रूपं आपोआप सापडतात. शिवाय 'डेटा' आणि 'डाटा', 'खासगी' आणि 'खाजगी', 'वैयक्तिक' आणि 'व्यक्तिगत' अशा जोड्या वेगवेगळ्या शोधाव्या लागतात. दोन माणसांनी मिळून धोरण लिहिलेलं असेल तर दोन्ही रूपं हमखास असतात, आणि रूप कुठे बदलतं त्यावरून मजकूर कुठून जोडलाय तेही कळतं.

'तुम्ही' आणि 'आपण' हेही वहीत घ्याच. ते सर्वनाम आहे म्हणून सोडून देऊ नका. कलम 5 मध्ये 'वापरकर्त्याला आपली वैयक्तिक माहिती' म्हणजे त्या वापरकर्त्याची स्वतःची. कलम 7 मध्ये 'आपली माहिती' म्हणजे वाचणाऱ्याची, आदराने म्हटलेली. पण वाक्य पुन्हा वाचा: 'आपली माहिती आम्ही सुरक्षित ठेवतो.' दुकान स्वतःची माहिती सुरक्षित ठेवतं, असाही त्याचा सरळ अर्थ होतो. मराठीत 'आपण' हा शब्द 'तुम्ही'साठी चालतो, 'तुम्ही-आम्ही मिळून' यासाठी चालतो, आणि 'आपला' हा 'स्वतःचा' या अर्थानेही चालतो. पत्रात आणि निमंत्रणात 'आपण' शोभतो. धोरणात मी तो ठेवतच नाही. 'तुम्ही'ने कुणाचा अपमान होत नाही, आणि अर्थ एकच राहतो.

इंग्रजीवरून मराठीत आलेल्या धोरणात आणखी एक गोष्ट हरवलेली असते. इंग्रजीत व्याख्या केलेला शब्द पुढे सगळीकडे मोठ्या अक्षराने सुरू करतात, त्यामुळे हा व्याख्येतला शब्द आहे की साधा बोलण्यातला, हे नजरेला कळतं. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. म्हणून मराठीत व्याख्येतला शब्दप्रयोग जसाच्या तसा, अख्खा, प्रत्येक वेळी लिहावा लागतो. 'वैयक्तिक माहिती' अशी व्याख्या केली आणि पुढे नुसतं 'माहिती' लिहिलं, तर ते व्याख्येतलंच आहे हे सांगणारं पानावर काहीही उरत नाही. कलम 3 मध्ये नेमकं हेच झालंय.

व्याख्या घालून वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हिला वेळ द्या. प्रत्येक कलमात शब्दाच्या जागी त्याची व्याख्या ठेवून वाक्य मोठ्याने वाचायचं.

कलम 5 असं वाचा: 'या वेबसाइटवर खाते उघडलेल्या व्यक्तीला स्वतःचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि ईमेल खोडून टाकण्याची मागणी करता येईल.' आता पहिल्या वाचनातली ती चार माणसं एकेक करून या वाक्यासमोर उभी करा. खातं उघडणारा आत आला. खातं न उघडता चादर मागवणारा बाहेर राहिला. त्याचा पत्ता आणि मोबाइल मात्र दुकानाकडे आहे, आणि कलम 3 प्रमाणे तो कुरिअरवाल्यांकडेही गेला आहे, कारण तिथे 'ग्राहक' हा शब्द आहे. म्हणजे माहिती पुढे देताना हा माणूस धोरणात आहे, आणि ती खोडायचा हक्क मागताना नाही. लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं नसतं. 'वापरकर्ता' सारखा सारखा नको म्हणून मध्ये 'ग्राहक' घातलेला असतो, एवढंच.

कलम 4 ला हीच कसोटी लावा. खातेदारांचं नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल विकत नाही, हे वचन झालं. बिनखात्याच्या ग्राहकाबद्दल वचन नाही, आणि कलम 2 मध्ये ज्याला 'डेटा' म्हटलंय त्याबद्दलही नाही. दुकानाचा हेतू चांगला असला तरी शब्दाला शब्द लावणारा वाचक हेच म्हणेल, आणि त्याचं चुकणार नाही.

आहेराचं पार्सल घेणारा तर कुठल्याच शब्दात बसत नाही. त्याने वेबसाइट पाहिलेलीही नसते. कायद्याची बाजू इथे समजून घेण्यासारखी आहे. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हक्क दिलाय तो 'डेटा प्रिन्सिपल'ला, म्हणजे ज्याच्याविषयीची ती माहिती आहे त्या व्यक्तीला. खातं, खरेदी, वेबसाइटला भेट, यातल्या कशाचीही अट त्या व्याख्येत नाही. म्हणून पार्सल घेणाऱ्याचा प्रश्न आपण काढायलाच हवा.

शब्दांचे तीन ढीग

वही भरली की प्रत्येक जोडीला तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग: एकाच गोष्टीला दोन नावं. 'डाटा' आणि 'डेटा', 'खोडून टाकणे' आणि 'नष्ट करणे'. इथे एक नाव निवडून बाकीची काढायची. तरी क्रियापदांना जरा जपा. 'खाते बंद करणे' आणि 'माहिती खोडणे' ही एकच गोष्ट नव्हे. खातं बंद करूनही माहिती तशीच पडून असू शकते.

दुसरा ढीग: एकाच नावाखाली दोन गोष्टी. आमच्या नमुन्यात 'डेटा' तसा आहे. कलम 2 मध्ये तो आयपी पत्ता आणि ब्राउझरपुरता आहे. कलम 6 मध्ये 'सर्व डेटा' म्हणताना बहुधा नाव, पत्ता, बिलं, सगळंच मनात आहे. मग नाव-पत्ता 3 वर्षांनी जाणार की राहणार? व्याख्येप्रमाणे तो 'डेटा' नाहीच, 'वैयक्तिक माहिती' आहे, आणि तिची मुदत धोरणात कुठेच नाही. दुसरी अडचण बिलांची. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. बिलावर ग्राहकाचं नाव-पत्ता असतो. तेव्हा 'सर्व डेटा 3 वर्षांनंतर' हे वाक्य पाळताच येणार नाही. आपण शब्दाच्या मागे लागलो म्हणून हे दिसलं.

तिसरा ढीग: खरोखर वेगळ्या असलेल्या गोष्टी, ज्यांची नावं वेगळीच राहायला हवीत. 'या महिन्यात किती टॉवेल कोणत्या रंगाचे विकले गेले' ही आकडेवारी कुणाची ओळख पटवत नाही. तिला 'वैयक्तिक माहिती' म्हणायचं कारण नाही. नवीन माणूस सगळं एकसारखं करायच्या उत्साहात हा ढीग विसरतो. मीही सुरुवातीला एका कामात 'सगळे बदला' वापरून 'डेटा'च्या जागी 'वैयक्तिक माहिती' घातलं होतं. त्यात 'निनावी डेटा'चं 'निनावी वैयक्तिक माहिती' झालं, म्हणजे ज्याची ओळख पटत नाही आणि पटते असं दोन्ही एकाच दमात. दुसऱ्या वाचनात सापडलं म्हणून बरं. तेव्हापासून मी प्रत्येक जागा स्वतः बघूनच बदलते. 'माहिती'च्या बाबतीत तर दुसरा उपायच नाही, कारण 'धोरणात बदल झाल्यास आम्ही तुम्हाला माहिती देऊ' या वाक्यातली माहिती ही कळवण्याची आहे, कुणाच्या नावा-पत्त्याची नाही. तिथे मी 'कळवू' असं करते, म्हणजे 'माहिती' हा शब्द एकाच अर्थाला मोकळा राहतो.

हे शब्द मुळात मिसळतात कशामुळे

हे ठाऊक असलं की शोधायला सोपं जातं. आपल्याकडची धोरणं क्वचितच कोऱ्या कागदावर लिहिली जातात. दोन-तीन ठिकाणांहून कलमं उचलून, भाषांतर करून जोडतात, आणि प्रत्येक ठिकाणच्या कायद्याचा शब्द वेगळा. 2011 च्या आपल्या माहिती तंत्रज्ञान नियमांत 'संवेदनशील वैयक्तिक डेटा किंवा माहिती' असा लांबलचक प्रयोग आहे. 2018 पासून लागू असलेल्या युरोपच्या कायद्यात 'वैयक्तिक डेटा' आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 'वैयक्तिक माहिती' आहे आणि माणसाला 'ग्राहक' म्हटलंय, पण तिथला 'ग्राहक' म्हणजे त्या राज्याचा रहिवासी. त्याने काही विकत घेतलेलं असलंच पाहिजे असं नाही. ते कलम सोलापूरच्या दुकानाच्या धोरणात येऊन पडलं की 'ग्राहक' म्हणजे चादर घेणारा असा अर्थ होतो आणि बाकीची माणसं गळतात. म्हणून एखाद्या कलमात शब्द अचानक बदलला तर समजा की तिथे सांधा आहे, आणि त्या सांध्याच्या मागेपुढे मुदती, हक्क, पत्ते हेही तपासा.

2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यांतली व्यवसायांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणारी आहेत. त्या नियमांप्रमाणे संमती मागताना कोणता वैयक्तिक डेटा घेणार हे बाबवार आणि सोप्या भाषेत सांगावं लागतं. 'माहिती', 'डेटा' असे सैल शब्द तिथे पुरणार नाहीत. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे, आणि त्या यादीत मराठी आहे. म्हणजे मराठी मजकूर आता शोभेपुरता राहणार नाही.

बदल करू नका, विचारा

शब्द बदलल्याने अर्थ बदलत असेल तर तो निर्णय आपला नाही. तो दुकानाच्या मालकाचा आणि त्यांच्या वकिलाचा. आपण प्रश्न लिहायचे, आणि असे लिहायचे की हो-नाही किंवा एका वाक्यात उत्तर देता यावं. 'कलम 3 आणि 5 मध्ये शब्दांची विसंगती आहे' असं लिहिलंत तर उत्तर येतं, 'तुम्हीच ठरवा.' त्यापेक्षा व्यवहार विचारा.

"काका, खातं न उघडता चादर मागवता येते का?"

"येते की! लोकं तसंच मागवतात जास्त करून. खातं उघडायला कुणाला वेळ आहे?"

"मग त्यांनी फोन करून सांगितलं, माझा नंबर काढून टाका, तर काढता का?"

"काढतो ना. काढायलाच पाहिजे."

झालं. कलम 5 मधला 'वापरकर्ता' अपुरा आहे हे मालकांनीच सांगितलं. तसेच बाकीचे प्रश्न: आयपी पत्ता खात्याच्या नोंदीसोबत साठवता का? साठवत असाल तर तो कुणाचा हे कळू शकतं, मग तो 'वैयक्तिक माहिती'त धरायचा का? 3 वर्षांत बिलंही येतात का? आहेर पाठवताना घेणाऱ्याचा नंबर वेगळा जपून ठेवता का?

आमच्या नमुन्यात उत्तरं अशी धरा: बिनखात्याच्या ऑर्डरी घेतात, आयपी पत्ता खात्याच्या नोंदीत राहतो, बिलं कायद्याच्या मुदतीपर्यंत ठेवायची आहेत. घेणाऱ्याबद्दल वकिलांना विचारून सांगतो म्हणाले. मग कलमं अशी होतात:

कलम 1. 'वापरकर्ता' म्हणजे या वेबसाइटला भेट देणारी, खाते उघडणारी किंवा ऑर्डर नोंदवणारी व्यक्ती. 'वैयक्तिक माहिती' म्हणजे ज्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येते अशी माहिती. उदाहरणार्थ नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, ईमेल आणि खात्याशी जोडलेला आयपी पत्ता.

कलम 3. ऑर्डर पोहोचवण्यासाठी लागणारी वैयक्तिक माहिती, म्हणजे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक, कुरिअर कंपनीला दिली जाते.

कलम 5. वापरकर्त्याला स्वतःची वैयक्तिक माहिती दुरुस्त करण्याची किंवा खोडून टाकण्याची मागणी करता येईल.

कलम 6. वैयक्तिक माहिती 3 वर्षांनंतर खोडून टाकली जाईल. बिलांवरील वैयक्तिक माहिती मात्र कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत ठेवली जाईल.

कलम 7. वापरकर्त्याची वैयक्तिक माहिती आम्ही सुरक्षित ठेवतो.

कलम 4 मध्ये एक अक्षरही बदललेलं नाही. व्याख्या रुंद झाल्याने त्याचं वचन आपोआप बिनखात्याच्या ग्राहकापर्यंत पोहोचलं. कलम 5 मध्ये फक्त 'आपली'चं 'स्वतःची' झालं, पण त्याचा आवाका पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे. व्याख्येतला एक शब्द हलवला की खालची सगळी कलमं हलतात, म्हणून व्याख्येला हात लावल्यावर अख्खं धोरण परत पहिल्यापासून वाचायचंच. कलम 3 मधून मी 'ग्राहकाची' हा शब्दच काढला, कारण तिथली माहिती चादर मागवणाऱ्याची असेल किंवा पार्सल घेणाऱ्याचीही.

शेवटी वही पुन्हा उघडा आणि काढून टाकलेला प्रत्येक शब्द फाइलमध्ये शोधा: 'ग्राहक', 'डाटा', 'आपण', 'आपल'. शून्य यायला हवं. जिथे शून्य येत नाही तिथे का राहिला ते शेजारी लिहा. फॉर्मवरच्या संमतीच्या वाक्यातही बघा, कारण ते वाक्य वेबसाइट बनवणाऱ्याच्या ताब्यात असतं आणि दुरुस्त केलेली फाइल त्याच्यापर्यंत पोहोचतेच असं नाही. 'माझा डेटा वापरण्यास संमती आहे' असं तिथे उरलेलं असेल, तर ते 'माझी वैयक्तिक माहिती' करून त्याला वेगळं कळवा.

आणि आहेर घेणाऱ्याचा प्रश्न कलम 5 च्या शेजारी तसाच उघडा ठेवून, त्याला पिवळा रंग देऊन फाइल परत पाठवा: 'ज्याच्या पत्त्यावर पार्सल जाते त्यालाही हा हक्क द्यायचा आहे का? उत्तर आल्यावर वाक्य बदलू.' वकिलांचं उत्तर येईपर्यंत तो रंग काढू नका.